मंजूर कोटेशन ते सेल्स ऑर्डर : ठरलेला रेट ऑर्डरपर्यंत तसाच कसा पोहोचतो

कोटेशन म्हणजे विकणाऱ्याने ठरावीक मुदतीसाठी मांडलेला प्रस्ताव. अमुक माल, अमुक नग, अमुक रेट आणि अमुक तारखेपर्यंत, असे त्यात लिहिलेले असते. ग्राहकाने त्याला होकार दिला की करार होतो आणि सेल्स ऑर्डर ही त्या कराराची विकणाऱ्याच्या वहीतली नोंद ठरते. पुढे कारखान्यात काय बनवायचे, गोदामातून काय सुटायचे आणि बिल कितीचे काढायचे हे सगळे या नोंदीवरून ठरते. म्हणून सेल्स ऑर्डर करताना हिशोब नव्याने मांडायचा नसतो. जे ठरले ते जसेच्या तसे उतरवायचे असते. मात्र कोटेशन आणि ऑर्डर यांच्यामध्ये काही आठवडे जातात. तेवढ्यात रेट बदलतात, कोटेशन दोनतीनदा सुधारले जाते, मुदत संपत येते. चुका होतात त्या याच काळात.

इलेक्ट्रिकल पॅनेलच्या धंद्यात ही अडचण ठळकपणे दिसते. पॅनेलमधले बसबार आणि केबल बऱ्याचदा तांब्याच्या असतात आणि तांब्याचा भाव जागतिक बाजारात रोज हलतो. त्यामुळे पॅनेल बनवणारे सहसा थोड्याच दिवसांच्या मुदतीचे कोटेशन देतात. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतला एक पॅनेल कारखाना आणि त्याचा ग्राहक असलेला एक साखर कारखाना असे कल्पित उदाहरण घेतले, तर सगळा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहता येतो.

पहिले कोटेशन आणि सुधारित कोटेशन

पॅनेल कारखान्याने 3 नोव्हेंबरला पहिले कोटेशन दिले. त्याची मुदत 18 नोव्हेंबरपर्यंत होती. त्यात चार ओळी होत्या : प्रत्येकी 1,85,000 रुपयांची दोन मोटर कंट्रोल पॅनेल, 1,20,000 रुपयांचे एक कॅपॅसिटर पॅनेल, 900 रुपये मीटरने 200 मीटर केबल आणि उभारणी व चाचणीचे 40,000 रुपये. कर सोडून एकूण रक्कम 7,10,000 रुपये झाली.

मग बोलणी झाली. साखर कारखान्याला मोटर पॅनेल दोनऐवजी तीन हवी होती. संख्या वाढल्यामुळे रेट 1,78,000 वर आला. कॅपॅसिटर पॅनेल त्यांच्याकडे आधीच होते, म्हणून ती ओळ निघाली. केबल 150 मीटर पुरणार होती. 12 नोव्हेंबरला सुधारित कोटेशन गेले, मुदत 27 नोव्हेंबर.

| बाब | पहिले कोटेशन | सुधारित कोटेशन |
|---|---|---|
| मोटर कंट्रोल पॅनेल | 2 × 1,85,000 = 3,70,000 | 3 × 1,78,000 = 5,34,000 |
| कॅपॅसिटर पॅनेल | 1 × 1,20,000 = 1,20,000 | नाही |
| केबल | 200 मी. × 900 = 1,80,000 | 150 मी. × 900 = 1,35,000 |
| उभारणी व चाचणी | 40,000 | 40,000 |
| एकूण, कर सोडून | 7,10,000 | 7,09,000 |

दोन्ही बेरजांमध्ये फरक फक्त हजार रुपयांचा आहे, पण माल मात्र बराच वेगळा आहे. ऑर्डर घेणाऱ्याने नुसती शेवटची रक्कम ताडून पाहिली, तर चुकून जुने कोटेशन उचलले गेले तरी ते त्याच्या ध्यानात येणार नाही. कारखान्यात दोन पॅनेल बनतील, नको असलेले कॅपॅसिटर पॅनेल तयार होईल आणि चूक कळेल ती माल साइटवर उतरल्यावर. म्हणून ताळा ओळीओळीने करावा लागतो. बेरीज जुळणे हा त्याचा शेवटचा भाग आहे, पुरावा नव्हे.

सुधारित कोटेशन निघाले की जुने मागे पडायला हवे, आणि ते कागदावर दिसायलाही हवे. त्यासाठी कोटेशनचा मूळ क्रमांक तोच ठेवून पुढे सुधारणेचा क्रमांक जोडण्याची रीत आहे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने घडवलेल्या ERPNext या मुक्तस्रोत प्रणालीत ही रीत मुळातच बसवलेली आहे. पक्के केलेले कोटेशन आधी `Cancel` करावे लागते, मग `Amend` म्हटले की त्याच क्रमांकापुढे `-1` लागलेली नवी प्रत तयार होते. जुनी प्रत रद्द म्हणून राहते. ती वाचता येते, पण तिच्यावरून ऑर्डर करता येत नाही. जुन्या कोटेशनवरून चुकून ऑर्डर होण्याची वाट त्यामुळे बंद होते.

पण घाईत बरेचजण `Duplicate` वापरतात. त्यातून वेगळ्या क्रमांकाचे, जुन्याशी नाते नसलेले कोटेशन जन्माला येते आणि जुनेही `Open` राहते. मग एकाच ग्राहकाची, जवळपास सारख्या रकमेची दोन जिवंत कोटेशने यादीत एकाखाली एक दिसतात. एकाच चौकशीवर एकाहून अधिक `Open` कोटेशने दिसली, तर सुधारणा चुकीच्या वाटेने झाली आहे असे समजावे आणि ऑर्डर करण्याआधी जुनी रद्द करावीत.

ग्राहकाचा होकार खरोखर होकार आहे का

25 नोव्हेंबरला साखर कारखान्याची पर्चेस ऑर्डर ईमेलने आली. बोलीभाषेत हिलाच पीओ म्हणतात. नग आणि रेट सुधारित कोटेशनप्रमाणेच होते, पण दोन गोष्टी वेगळ्या होत्या. संदर्भ म्हणून कोटेशनचा मूळ क्रमांक लिहिला होता, सुधारणेचा नाही. आणि कोटेशनमध्ये तीस टक्के ॲडव्हान्स व उरलेली रक्कम माल निघण्याआधी अशी अट होती, तर पीओत उरलेली रक्कम माल पोहोचल्यावर तीस दिवसांनी देऊ असे छापले होते.

भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 7 सांगते की स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त असली पाहिजे. अट बदलून दिलेला होकार हा होकार ठरत नाही, तो उलट प्रस्ताव ठरतो. या तत्त्वाचा जुना आणि प्रसिद्ध दाखला म्हणजे इंग्लंडमधला 1840 सालचा हाइड विरुद्ध रेंच हा खटला. शेतमालकाने जमीन 1,000 पौंडांना देऊ केली. समोरच्याने 950 पौंड सांगितले. मालकाने ते नाकारल्यावर त्याने 1,000 पौंड कबूल केले आणि करार झाला असा दावा केला. न्यायालयाने तो मानला नाही. 950 म्हणताच मूळ प्रस्ताव संपला होता आणि तो एकतर्फी पुन्हा जिवंत करता येत नव्हता.

विक्री विभागासाठी याचा अर्थ सरळ आहे. पीओ हातात आली म्हणून लगेच ऑर्डर करायची नाही. आधी ती सुधारित कोटेशनशेजारी ठेवून वाचायची. मालाचे वर्णन, नग, माप, रेट, सूट, कर वेगळा की धरून, वाहतूक कोणाची, माल कधी आणि पैसे कधी, हे एकेक जुळवायचे. पीओच्या मागच्या बाजूला छापलेल्या सर्वसाधारण अटीही वाचायच्या, कारण उशिराचा दंड किंवा राखून ठेवायची रक्कम बहुधा तिथेच असते. फरक दिसला तर दोनच मार्ग असतात. एक तर नवी अट लेखी मान्य करायची आणि तिच्यासह ऑर्डर करायची, किंवा ग्राहकाकडून दुरुस्त पीओ मागवायची. गप्प बसून माल पाठवणे हा तिसरा मार्ग सर्वांत महाग पडतो. माल पाठवणे हे ग्राहकाच्या अटी मान्य असल्याचे लक्षण समजले जाऊ शकते.

उदाहरणातल्या कारखान्याने त्याच दिवशी फरक कळवला. 26 नोव्हेंबरला दुरुस्त पीओ आली. तीत सुधारित कोटेशनचा पूर्ण क्रमांक आणि मूळच्या पैशांच्या अटी होत्या. इथे होकार पूर्ण झाला, आणि मुदत अजून एक दिवस शिल्लक होती.

मुदत कोणत्या तारखेला मोजायची

त्यानंतर मध्ये सुट्ट्या आल्या. ऑर्डर संगणकात भरायला 30 नोव्हेंबर उजाडला. दरम्यान 28 तारखेला तांबे महागल्यामुळे कारखान्याची रेट-यादी बदलली होती. पॅनेल 1,92,000 आणि केबल 960 रुपये मीटर झाली होती.

ERPNext मध्ये कोटेशनवर `Valid Till` नावाची तारीख असते. कोटेशनवरून `Sales Order` करताना प्रणाली ही तारीख आजच्या तारखेशी ताडते. मुदत उलटलेली असेल तर ती थांबते आणि `Validity period of this quotation has ended.` असा संदेश दाखवते. ग्राहकाने होकार कधी दिला हे प्रणालीला माहीत नसते. तिला फक्त आजचा दिवस कळतो.

कायदा मात्र वेगळ्या तारखेकडे पाहतो. कलम 6 प्रमाणे नेमून दिलेल्या मुदतीत स्वीकृती आली नाही तर प्रस्ताव संपतो. पण स्वीकृती मुदतीत झाली असेल तर करार तेव्हाच झालेला असतो. स्वीकृती पूर्ण होण्याचा क्षण माध्यमाप्रमाणे बदलतो. टपालाने दिलेली स्वीकृती, कलम 4 नुसार, पत्र धाडणाऱ्याच्या हाताबाहेर गेले की प्रस्ताव देणाऱ्यावर बंधनकारक होते. टेलिफोनवरचा होकार मात्र समोरच्याच्या कानी पडला तेव्हा पूर्ण होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने भगवानदास केडिया खटल्यात 1965 साली ठरवले. उदाहरणातला ईमेल 26 तारखेलाच पाठवला गेला आणि त्याच दिवशी मिळाला, त्यामुळे कोणत्याही मोजमापाने होकार मुदतीतच आहे. संगणकात नोंद 30 तारखेला झाली याने काही फरक पडत नाही. विकणाऱ्याच्या कचेरीतली दिरंगाई ग्राहकाच्या माथी मारता येत नाही.

याउलट, होकारच 29 तारखेला आला असता तर कोटेशन संपलेले होते. मग जुन्या रेटने द्यायचे की नव्या, हा विकणाऱ्याचा निर्णय ठरला असता. जुन्या रेटने द्यायचे ठरले तरी तो नवा प्रस्ताव म्हणून नव्या मुदतीसह लिहून द्यायला हवा. मुदतीबद्दल आणखी एक गैरसमज असतो. मुदत लिहिली म्हणजे तोवर प्रस्ताव मागे घेताच येत नाही, असे अनेकांना वाटते. तो उघडा ठेवण्यासाठी ग्राहकाने काही मोबदला दिलेला नसेल, तर स्वीकृती येण्याआधी विकणारा तो कलम 5 नुसार मागे घेऊ शकतो. मात्र स्वीकृती आल्यानंतर ही वाट बंद होते.

प्रणालीने अडवल्यावर ऑर्डर भरणाऱ्यापुढे तीन वाटा दिसतात. पहिली वाट म्हणजे कोरी सेल्स ऑर्डर उघडून माल हाताने भरायचा. ही सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट. माल निवडताच प्रणाली चालू रेट-यादीतून रेट आणते. तीन पॅनेलचे 5,76,000, केबलचे 1,44,000 आणि उभारणीचे 40,000 मिळून 7,60,000 होतात. ठरलेल्या 7,09,000 पेक्षा हे 51,000 रुपयांनी जास्त आहेत. ही तफावत बहुधा बिल पोहोचल्यावर ग्राहकाच्या हिशोब विभागात उघड होते आणि बिल अडते.

दुसरी वाट म्हणजे कोटेशन रद्द करून मुदत पुढे ढकललेली नवी सुधारणा करायची. इथे रेट टिकतात, पण ग्राहकाच्या पीओत ज्या सुधारणेचा क्रमांक आहे ती आता रद्द झालेली दिसते. शिवाय ग्राहकाला कधीच न पाठवलेले एक कोटेशन नोंदीत शिरते. तिसरी वाट `Selling Settings` मध्ये आहे. `Allow Sales Order Creation For Expired Quotation` ही खूण लावली की मुदत संपलेल्या कोटेशनवरूनही ऑर्डर करता येते. ही मोकळीक सगळ्याच कोटेशनांना लागू होते. म्हणून अधिकाऱ्याने पीओची तारीख स्वतः पाहावी, तेवढ्यापुरती खूण लावून ऑर्डर होऊ द्यावी आणि खूण लगेच काढावी. ऑर्डरमध्ये `Customer's Purchase Order` आणि `Customer's Purchase Order Date` या रकान्यांत ग्राहकाचा क्रमांक व तारीख भरली, की उशिरा झालेली नोंदही मुदतीतल्या होकाराची होती हे पुढे कोणालाही दिसते. उत्तम उपाय अर्थातच पीओ आली त्याच दिवशी ऑर्डर भरणे हा आहे.

रेट सुटतो कुठे

कोटेशनवरून ऑर्डर केली की प्रत्येक ओळीसोबत तिच्या मूळ कोटेशनचा दुवाही येतो. `Selling Settings` मध्ये `Maintain Same Rate Throughout Sales Cycle` चालू असेल, तर प्रणाली या दुव्याच्या आधारे ऑर्डरमधला रेट कोटेशनमधल्या रेटशी ताडते आणि फरक आढळल्यास अडवते किंवा इशारा देते. हा पहारा चांगला आहे, पण तो दुवा असलेल्या ओळींपुरताच. कोणी केबलची ओळ खोडून पुन्हा हाताने घातली, तर नव्या ओळीला दुवा नसतो. तिचा रेट 960 आला तरी प्रणाली काही बोलत नाही. म्हणून ऑर्डरमधली ओळ चुकली तर ती काढून नवी घालू नये. मसुदा टाकून देऊन कोटेशनवरून पुन्हा ऑर्डर काढावी.

मसुद्यात ग्राहकाचे नाव किंवा `Price List` बदलल्यासही रेट यादीतून पुन्हा येतात. एकाच साखर कारखान्याची दोन खाती प्रणालीत असतील आणि भरणारा ‘बरोबर’ खाते निवडायला गेला, तर ठरलेले रेट पुसले जातात. सूट देण्याचे स्वयंचलित नियम लावलेले असतील तर तेही ऑर्डरवर लागू होऊ शकतात. बोलणी करून ठरलेल्या रेटच्या कागदावर `Ignore Pricing Rule` ही खूण ठेवावी ती याचसाठी.

नगांशी बांधलेला रेट ही वेगळी बाब आहे. 1,78,000 हा रेट तीन पॅनेलसाठी होता. ग्राहकाने दोनचीच पीओ पाठवून तोच रेट लावला, तर तो होकार नव्हे, उलट प्रस्ताव आहे. प्रणाली मात्र नग कमी करू देते आणि रेट तोच ठेवते. कोटेशनवर `Partially Ordered` अशी स्थिती येते आणि सगळे सुरळीत भासते. ‘हा रेट तीन नगांच्या एकत्रित ऑर्डरसाठी’ हे वाक्य कोटेशनच्या त्या ओळीतच लिहिले तर वाद उरत नाही.

कर आणि भाववाढ

ठरलेला रेट जपायचा म्हणजे ठरलेला कर जपायचा असे नाही. पॅनेल आणि केबलवर 18 टक्के जीएसटी धरला, तर 7,09,000 वर 1,27,620 रुपये कर होऊन बिल 8,36,620 चे होते. कोटेशन आणि माल पाठवणे यांच्यामध्ये कराचा दर बदलला तर काय, याचे उत्तर मालविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 64अ मध्ये आहे. करारात वेगळे ठरलेले नसेल तर करार झाल्यानंतर वाढलेला कर विकणारा वसूल करू शकतो आणि कमी झालेल्या कराचा फायदा ग्राहकाला मिळतो. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले आणि सिमेंटसारख्या मालावरचा दर 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा अनेकांच्या हातातल्या ऑर्डरींना हाच प्रश्न पडला होता. म्हणून कोटेशनमध्ये रेट कर सोडून द्यावा आणि ‘कर माल पाठवण्याच्या दिवशीच्या दराने’ असे लिहावे. मग ऑर्डरमध्ये रेट गोठतो आणि कर मात्र त्या त्या दिवसाप्रमाणे राहतो.

मुदत आणि माल देण्याची तारीख यांचीही गल्लत होते. मुदत फक्त होकारासाठी असते. होकार 26 नोव्हेंबरला झाला की पॅनेल जानेवारीत गेली तरी रेट तोच. तोवर तांबे चढले तर तोटा विकणाऱ्याचा. तो टाळायचा असेल तर भावातील चढउताराची अट कोटेशनमध्येच घालावी लागते. मोठ्या विद्युत कामांत इलेक्ट्रिकल उद्योगाच्या इमा या संघटनेच्या सूत्रांवर आधारलेली अशी अट असते. तांब्यासारख्या कच्च्या मालाचा मूळ तारखेचा भाव आणि नंतरचा भाव यांवरून त्यात किंमत ठरते. ही अट असल्यास सेल्स ऑर्डरमध्ये मूळ तारीख उतरवणे रेटइतकेच गरजेचे असते, कारण पुढचे सारे गणित त्या तारखेवर उभे राहते.

ऑर्डर झाल्यावर

ऑर्डर पक्की करण्याआधी सुधारित कोटेशन, पीओ आणि सेल्स ऑर्डर असे तीन कागद शेजारी ठेवून, ऑर्डर भरणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसाने ओळीओळीने वाचावेत. मग ऑर्डरची प्रत ग्राहकाला पाठवावी. उद्योगात याला ऑर्डर ॲक्सेप्टन्स म्हणतात. राहिलेली चूक असेल तर ती या टप्प्यावर पकडणे सर्वांत स्वस्त पडते, कारण अजून तांबे कापलेले नसते.

त्यानंतर ग्राहकाने काही बदल मागितला तर तो कोटेशनचा बदल राहत नाही, कराराचा बदल होतो. आणखी 20 मीटर केबल हवी असेल तर आधी तिचा रेट ठरवून पीओची लेखी दुरुस्ती घ्यावी. पक्क्या ऑर्डरमध्ये `Update Items` ने नग आणि रेट बदलता येतात. पण 150 चे 170 करून रेट 960 केला, तर आधीच्या 150 मीटरलाही नवा रेट लागतो आणि ग्राहकाकडे 9,000 रुपये जास्त मागितले जातात. म्हणून वाढीव 20 मीटरची वेगळी ओळ घालावी. 150 मीटर 900 रुपयांनी, 20 मीटर 960 रुपयांनी. प्रत्येक ओळ कोणत्या दिवशीच्या कोणत्या होकारातून आली हे त्यामुळे ऑर्डरवरच वाचता येते आणि बिल काढणाऱ्याला कोणाला विचारावे लागत नाही.